बारावीचा रिकामा रकाना: कॅम्पस निमंत्रणपत्राचं एक प्रकरण

जुलै २०२४ मध्ये आमच्या कंपनीने सांगली जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्लेसमेंट सेलला कॅम्पससाठी पत्र पाठवलं. आमचा कारखाना चाकणला आहे. गाड्यांसाठी मशीनिंग केलेले सुटे भाग आम्ही बनवतो. दहा ट्रेनी इंजिनिअर हवे होते, त्यातले आठ उत्पादन आणि गुणवत्ता विभागात, दोन डिझाइनला. पत्र मीच लिहिलं होतं. त्यातलं पात्रतेचं वाक्य असं होतं: "दहावी, बारावी व पदवी या तिन्ही स्तरांवर किमान ६० टक्के, बॅकलॉग नसावा."

त्या कॉलेजात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला ११८ मुलं होती. ड्राइव्हच्या दिवशी हॉलमध्ये २२ बसली. त्यातून आम्ही सहा निवडली. पदवीनंतर, २०२५ मध्ये, त्यातली तीनच प्रत्यक्ष रुजू झाली आणि त्या दिवाळीनंतर एक सोडून गेला. ड्राइव्हला इतकी कमी मुलं का बसली, तर कॉलेज लांबचं आहे, मुलांना पुण्यात आयटीत जायचं असतं, अशी कारणं आम्ही आमच्या मीटिंगमध्ये एकमेकांना दिली. खरं कारण मला मे २०२५ मध्ये कळलं. नव्या बॅचचं बोलायला मी त्या कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकारी, म्हणजे टीपीओ मॅडमच्या केबिनमध्ये बसलो होतो, तेव्हा त्यांनी मागच्या वर्षीची एक्सेल शीट उघडून माझ्याकडे फिरवली.

शीटमध्ये प्रत्येक मुलासाठी एक ओळ होती. नाव, शाखा, दहावीचे टक्के, बारावीचे टक्के, डिप्लोमाचे टक्के, प्रत्येक सेमिस्टरचा एसजीपीए, शिल्लक बॅकलॉग, गॅप. मॅडमनी आमची अट जशीच्या तशी लावून दाखवली. बारावीच्या रकान्यावर "६० किंवा जास्त" असा फिल्टर लावला आणि एका क्लिकसरशी ४१ ओळी नाहीशा झाल्या. ही ४१ मुलं डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली. त्यांनी बारावी केलेलीच नाही, म्हणून तो रकाना रिकामा, आणि रिकामा रकाना त्या फिल्टरमध्ये टिकत नाही.

"सर, मी तुम्हाला फोन केला होता," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या ऑफिसमधून सांगितलं की पत्रात आहे तसंच धरा."

तो फोन माझ्यापर्यंत आला नव्हता. पण चूक फोनची नव्हती, वाक्याची होती. मॅडमकडे एका सीझनला अशी पन्नास-साठ पत्रं येतात. प्रत्येक कंपनीच्या मनात काय आहे हे ओळखत बसायला त्यांना वेळ नसतो, आणि त्यांनी ओळखूही नये. एका मुलाला अट शिथिल केली आणि दुसऱ्याला नाही, तर पालक दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या दारात उभे राहतात. त्यामुळे टीपीओ पत्रातली अट अक्षरशः पाळतात. आपण पत्र लिहीत असतो तेव्हा खरं तर त्या शीटची चाळणी लिहीत असतो, हे मला त्या केबिनमध्ये बसून समजलं.

आणि गाळली गेली ती मुलं कोण होती? आम्हाला शॉपफ्लोअरवर उभी राहणारी, ड्रॉइंग वाचणारी मुलं हवी होती. डिप्लोमाची तीन वर्षं लेथ, मिलिंग, फिटिंग केलेली, एमएसबीटीईच्या परीक्षेत ड्रॉइंग शीटवर शीट काढलेली मुलंच आम्ही दारात अडवली. जी बारावी करून आली होती त्यांच्या बाबतीतही त्या वर्षी ही अट फारशी उपयोगाची नव्हती. २०२५ ला पदवी घेणारी ही बॅच २०२१ मध्ये बारावी झाली. त्या वर्षी कोविडमुळे राज्य मंडळाची परीक्षाच झाली नाही. दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के आणि बारावीच्या अंतर्गत गुणांचे ४० टक्के धरून निकाल लावला होता. त्या आकड्यावर आम्ही इंजिनिअर पारखत होतो.

"बॅकलॉग नसावा" हे तीन शब्दांपेक्षाही लहान वाक्य तितकंच घातक ठरलं. कॉलेजच्या भाषेत याचे दोन अर्थ होतात. एक, आज एकही विषय शिल्लक नको. दुसरा, आजवर कधीच राहिलेला नको. मॅडमनी दुसरा, कडक अर्थ धरला, कारण आधीच्या आठवड्यात आलेल्या एका कंपनीने तोच अर्थ सांगून ऐन मुलाखतीतून मुलं उठवली होती. आमच्या उत्पादन व्यवस्थापकांना मी नंतर विचारलं, तर ते म्हणाले, "पहिल्या वर्षी एम-थ्री राहिलेला आणि पुढे सुटलेला मुलगा मला का नको?" (गणिताचा तो पेपर दुसऱ्या वर्षाला असतो, पण त्यांचा मुद्दा बरोबर होता.)

गुणांचं तिसरं दुखणं सीजीपीएचं. पत्रात आम्ही टक्के मागितले आणि शीटमध्ये सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरची मिळून दहापैकी सरासरी, होता. एआयसीटीईच्या तक्त्यात ६.७५ म्हणजे ६० टक्के. पण विद्यापीठांची आणि स्वायत्त कॉलेजांची रूपांतराची सूत्रं आपापली असतात. कुणी सरळ दहाने गुणतं, मग ६.० वरच ६० टक्के होतात. एकाच अटीवर दोन कॉलेजांतून दोन वेगळ्या दर्जाची यादी येते ती यामुळे. तेव्हापासून मी पदवीसाठी टक्के लिहीतच नाही, सीजीपीएचा आकडा लिहितो.

आता पगाराकडे वळतो. निवडलेल्या सहापैकी तीन आलीच नाहीत, त्याचं मूळ इथे होतं. पत्रात आम्ही "सीटीसी ३.६० लाख" एवढंच लिहिलं होतं. मुलाने बाराने भागलं, महिना तीस हजार. ऑफर लेटरसोबत पगाराचा तक्ता गेला तेव्हा हातात येणारी रक्कम निघाली २३ हजार. हिशोबात फसवणूक काही नव्हती. महिन्याचा एकूण पगार २५ हजार, त्यात मूळ वेतन १५ हजार. म्हणजे वर्षाचे तीन लाख. कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा महिन्याला १,८००, वर्षाला २१,६००. ग्रॅच्युइटी मूळ वेतनाच्या ४.८१ टक्क्यांनी ८,६५८. राहिलेले २९,७४२ रुपये कामगिरीवर अवलंबून, वर्षअखेरीस. या सगळ्याची बेरीज ३.६० लाख. २५ हजारांतून मुलाचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० वजा झाले की २३ हजार राहतात. (मुलींना महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंत व्यवसाय कर नाही, त्यांना दोनशे जास्त मिळतात.) पण हा हिशोब बापाला ऑफर लेटर वाचताना पहिल्यांदा समजतो, तेव्हा त्याला तो फसवणुकीसारखाच वाटतो. चाकणला खोलीभाडं आणि मेस धरून मुलाच्या हाती काय उरणार, हा त्याचा प्रश्न असतो आणि तो रास्त आहे.

त्याच ऑफर लेटरमध्ये दोन वर्षांचा बाँड होता. निमंत्रणपत्रात त्याचा उल्लेख नव्हता. इथे कॉलेजचा एक नियम समजून घ्यायला हवा. बहुतेक प्लेसमेंट सेल "एक विद्यार्थी, एक नोकरी" पाळतात. एका कंपनीत निवड झाली की त्या मुलाला पुढच्या कंपन्यांना बसता येत नाही, फार तर बऱ्याच जास्त पगाराच्या "ड्रीम" कंपनीला बसू देतात. म्हणजे आमच्या निवडीमुळे त्या मुलांची पुढची दोन महिन्यांची संधी बंद झाली होती, आणि बाँड त्यांना नंतर कळला. हे मला आजही टोचतं. बाँड ठेवायचा की नाही हा व्यवस्थापनाचा निर्णय असेल, पण तो मुलाने नाव नोंदवण्याआधी त्याच्या डोळ्यांसमोर असलाच पाहिजे.

आमच्या व्यवस्थापनाने बाँड काढला नाही, पण दोन वर्षांवरून अठरा महिने केला आणि रक्कम ५० हजारांवर आणली. करार मोडला तर न्यायालय वाजवी भरपाई देतं, करारात लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ चा हा अर्थ मी मीटिंगमध्ये समजावून सांगितला. दीड महिन्याच्या प्रशिक्षणाचा खर्च दाखवता येत नसेल तर लाखाचा आकडा लिहून काही मिळणार नाही. मूळ गुणपत्रिका ठेवून घ्यायची जुनी पद्धत मात्र आम्ही त्याच दिवशी बंद केली.

आणखी एक ओळ पहिल्या मसुद्यात होती, ती सुदैवाने पाठवण्याआधी गेली: "शिफ्ट असल्याने फक्त मुले." कोअर कंपन्यांच्या पत्रांत ही ओळ सर्रास दिसते. समान मोबदला अधिनियम, १९७६ च्या कलम ५ नुसार भरतीत बाई म्हणून भेद करता येत नव्हता. आता तीच गोष्ट वेतन संहिता, २०१९ च्या कलम ३ मध्ये आहे. शिफ्टची माहिती द्यायची असते, ती द्यावी, निर्णय उमेदवाराने घ्यावा.

मे २०२५ च्या त्या भेटीनंतर मी नवं पत्र लिहिलं. मसुदा आधी मॅडमना पाठवला आणि एवढंच विचारलं, "ही अट तुमच्या शीटवर फोन न करता लावता येईल का?" दोन ठिकाणी त्यांनी दुरुस्ती सुचवली. पत्र इंग्रजीत गेलं, त्यातला मजकूर मराठीत असा:

*प्रति,*
*प्रशिक्षण व प्लेसमेंट अधिकारी*

*विषय: २०२६ मध्ये उत्तीर्ण होणाऱ्या बॅचसाठी कॅम्पस निवड*

*महोदया,*

*आमच्या चाकण येथील कारखान्यासाठी आम्हाला आपल्या महाविद्यालयातून पदवीधर इंजिनिअर ट्रेनी निवडायचे आहेत. त्यासाठी ऑगस्टच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यातला, अंतर्गत परीक्षा नसलेला एक दिवस आपण कळवावा.*

*जागा दोन प्रकारच्या आहेत. उत्पादन व गुणवत्ता विभागात आठ: काम शॉपफ्लोअरवर, तीन शिफ्ट आठवड्याने बदलत्या, सीएनसी मशीनवरच्या कामाचे नियोजन, तपासणी व नोंदी. डिझाइन विभागात दोन: काम जनरल शिफ्टमध्ये, फिक्स्चर व गेजचे डिझाइन. विद्यार्थ्याने नोंदणी करताना यांपैकी एकच जागा निवडावी.*

*पात्रता: मेकॅनिकल, प्रॉडक्शन किंवा मेकॅट्रॉनिक्स शाखा. सहाव्या सेमिस्टरपर्यंतचा सीजीपीए ६.५ किंवा जास्त. बारावी किंवा डिप्लोमा, यांपैकी जे झाले असेल त्यात ५५ टक्के. दोन्ही झाले असल्यास कोणत्याही एकात चालेल. दहावीच्या गुणांची अट नाही. नोंदणीच्या दिवशी एकही विषय शिल्लक नसावा. पूर्वी राहिलेले व आता सुटलेले विषय चालतील. शिक्षणात एकूण एक वर्षापर्यंतचा खंड चालेल, त्यात वर्ष वाया गेलेलेही धरावे. मुले व मुली दोघांनाही अर्ज करता येईल.*

*मोबदला: वार्षिक सीटीसी ३.६० लाख. त्याचा पूर्ण तक्ता सोबत जोडला आहे. दरमहा हातात सुमारे २३,००० रुपये. कँटीन व पिंपरी-चिंचवडमधून बस विनामूल्य, राहण्याची सोय कंपनीकडून नाही. रुजू झाल्यापासून अठरा महिन्यांचा सेवा करार आहे, आधी सोडल्यास कमाल ५०,००० रुपये भरपाई. कराराचा नमुना सोबत आहे. मूळ प्रमाणपत्रे पाहून लगेच परत दिली जातील.*

*निवडीचे टप्पे, सर्व एकाच दिवशी: ९.३० ते १०.१० कंपनीची माहिती व प्रश्नोत्तरे. १०.३० ते ११.३० लेखी परीक्षा, ४० प्रश्न, निम्मे तांत्रिक, निम्मे अंकगणित व तर्क, चुकीच्या उत्तराला गुण वजा नाहीत. १२.४५ वाजता यादी, जास्तीत जास्त २४ विद्यार्थी. १.३० ते ५.३० मुलाखत, प्रत्येकी २० मिनिटे, दोन पॅनल. उत्पादन व गुणवत्तेच्या उमेदवारांना मुलाखतीतच ड्रॉइंग वाचून एक भाग मोजून दाखवावा लागेल. ६.३० वाजता निवड व प्रतीक्षा यादी आपल्याकडे. गटचर्चा नाही.*

*आपल्याकडून ८० जणांचा एक हॉल, प्रोजेक्टर व मुलाखतीसाठी दोन खोल्या हव्या आहेत. पात्र विद्यार्थ्यांची यादी ड्राइव्हच्या पाच दिवस आधी मिळावी. ऑफर लेटर दहा दिवसांत देऊ. रुजू होणे आठव्या सेमिस्टरसह सर्व विषय सुटल्यावर. विद्यापीठाचा निकाल उशिरा लागल्यास ऑफर ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत कायम राहील.*

*आपला,*
*(नाव, पद, थेट मोबाइल क्रमांक)*

वेळांबद्दल थोडं सांगतो, कारण मागच्या वर्षी सगळ्यात जास्त हाल तिथे झाले. तेव्हा पत्रात "लेखी, गटचर्चा, मुलाखत" इतकंच होतं. बावीसच्या बावीस मुलांना आम्ही गटचर्चेला घेतलं, दोन गटांत तास-तास गेला, आणि एकाच पॅनलसमोर मुलाखती सुरू झाल्या. बावीस जणांना वीस मिनिटं म्हणजे सात तास वीस मिनिटं. शेवटच्या मुलाची मुलाखत रात्री साडेनऊला झाली. गावाकडची शेवटची एसटी गेली होती, चार मुलं कॉलेजच्या जिममध्ये झोपली. यंदा हिशोब उलटा मांडला: दुपारी दीड ते साडेपाच म्हणजे २४० मिनिटं, वीस मिनिटांच्या हिशोबाने एका पॅनलला बारा मुलं, दोन पॅनलना चोवीस. लेखीतून चोवीसच घ्यायचे, हा आकडा तिथून आला. गटचर्चा काढली, कारण मशीन शॉपमधल्या कामासाठी तिच्यातून आम्हाला कधी काही कळलंच नव्हतं.

नव्या अटींवर शीटमध्ये ६७ मुलं राहिली. हातात येणारा पगार आणि बाँड वाचून त्यातल्या ९ जणांनी नाव दिलंच नाही. मला यात नुकसान वाटत नाही. ही तीच मुलं होती, जी मागच्या वर्षी ऑफर घेऊन नंतर आली नसती.

मुलाखतीच्या टेबलावर आम्ही एक भाग, त्याचं ड्रॉइंग आणि वर्नियर कॅलिपर ठेवला होता. ड्रॉइंगवर बोअरचं माप होतं २५ एच-७. बहुतेकांनी वर्नियर उचलला, बोअर मोजला आणि २५.०० सांगून मोकळे झाले. लातूरहून डिप्लोमा करून आलेली एक मुलगी वर्नियर हातात घेऊन थांबली. "सर, एच-७ म्हणजे इथे टॉलरन्स एकवीस मायक्रॉनचा. या वर्नियरचा लीस्ट काउंटच वीस मायक्रॉन आहे. हे यानं ठरवता येणार नाही, बोअर गेज किंवा प्लग गेज लागेल." आमचे क्वालिटी मॅनेजर खुर्चीत पुढे सरकले. तिच्या बारावीचा रकाना रिकामा होता. मागच्या वर्षीच्या वाक्याने ती हॉलपर्यंतही पोचली नसती.

त्या दिवशी आम्ही दहा निवडले आणि तीन प्रतीक्षा यादीत ठेवले. दहापैकी सहा डिप्लोमावाले होते. डिझाइनच्या दोन जागांसाठी मात्र हेच पत्र कमी पडलं. कोणतं कॅड सॉफ्टवेअर यायला हवं हे मी लिहिलं नव्हतं, आणि आलेल्यांपैकी निम्म्यांनी आम्ही वापरतो ते उघडूनही पाहिलेलं नव्हतं. त्या जागांसाठी पुढच्या वेळी वेगळं पत्र जाईल.

अजून एक फट उरली होती, ती मॅडमनीच दाखवली. नोंदणी बंद होण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन आला, या वेळी थेट माझ्या मोबाइलवर. दोन मुलांचा सहाव्या सेमिस्टरचा एकेक विषय राहिला होता, पण त्यांनी पुनर्मूल्यांकनाला टाकला होता आणि निकाल आला नव्हता. "नोंदणीच्या दिवशी शिल्लक नसावा, असं तुमच्या पत्रात आहे. मग यांना बसवू की नको?" पत्रात उत्तर नव्हतं. मी तोंडी हो म्हणालो नाही. पाच मिनिटांत ईमेल केला, म्हणजे दोघांनाही आणि उद्या अशाच तिसऱ्या कुणालाही तोच नियम लागावा. ईमेलमधलं ते वाक्य आता पुढच्या बॅचच्या मसुद्यात पात्रतेच्या परिच्छेदात आहे: "पुनर्मूल्यांकनाचा निकाल बाकी असलेल्या विद्यार्थ्यांना सर्व टप्प्यांना बसू द्यावे, निवड झाल्यास ऑफर लेटर तो विषय सुटल्याचा निकाल आल्यावर दिले जाईल, आणि तोपर्यंत त्यांना इतर कंपन्यांना बसण्यापासून अडवू नये."